दोन मोत्ये गळाली… आणि पुढे?

आमच्या घरात म्हण पूर्ण म्हटली जायची ती फक्त पाहुण्यांपुढे. घरच्या घरात अर्ध्यावरच भागत असे. स्वयंपाकघरातून आजी नुसते "बाजारात तुरी…" एवढे पुटपुटली, की आईला कळायचे, अजून हातात न आलेल्या पैशांवरून बाहेर वडील नि काका हुज्जत घालीत आहेत. "भट भटणीला मारी" हा पुढचा तुकडा आजीने तोंडाने उच्चारल्याचे मला आठवत नाही. वडिलांचेही तसेच. माझे गणित चुकले आणि मी खापर पेन्सिलीवर फोडले, की ते "नाचता येईना…" म्हणून थांबत. उरलेले मी मनात म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा असे. या म्हणीला "रांधता येईना ओली लाकडे" असे शेपूट आहे, हे मला लग्नानंतर बायकोकडून कळले. तोवर अंगण वाकडे झाले की म्हण संपली, अशीच माझी समजूत होती.

घरगुती म्हणींच्या बाबतीत या सवयीने कुणाचे काही बिघडत नाही. पाठ चुकला तरी अर्थ पोहोचतो आणि म्हण कुणा एकाची नसल्यामुळे तक्रार घेऊन कुणी दारात येत नाही. पण अर्धे वाक्य म्हणीचे नसून इतिहासातल्या कुणा माणसाचे असले, आणि ते आपण आठवणीवर भिस्त ठेवून पुरे केले, तर काय होते, याचा धडा मला एकोणिसाव्या वर्षी मिळाला. तो ज्या वाक्याने दिला ते वाक्य वाचकांपैकी बहुतेकांना निम्मे तरी पाठ असेल. "दोन मोत्ये गळाली…"

तेव्हा मी बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफे तपासायला जात असे. साल १९६४. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांपासून तुळशीबागेपर्यंतच्या बोळांत त्या काळी छोटे छोटे छापखाने होते. त्यांतलाच हा एक. खाली यंत्र, वर खिळे जुळवणारी माणसे, आणि जिन्याखालच्या खोपटात शाईच्या वासात बसलेला मी. दिवाळीच्या तोंडावर कामाची अशी गर्दी असे की, ओल्या प्रुफाचा कागद हातात चिकटायचा आणि दारात पुढच्या फर्म्यासाठी माणूस उभाच असायचा.

अशा घाईत एका निवृत्त शिक्षकांचा पानिपतावरचा लेख माझ्याकडे आला. अक्षर सुवाच्य, मजकूर नेटका. एका जागी मात्र त्यांनी लिहिले होते: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि पुढे नुसती टिंबे. मला वाटले, म्हाताऱ्यांना पुढचे आठवले नसेल. मला तर शाळेपासून पाठ होते. मी समासात झोकात लिहून टाकले, "लाख बांगडी फुटली, चिल्लर खुर्दा किती गेला याची गणती नाही." जुळवणाऱ्याने ते खिळ्यांत बसवले, फर्मा छापला गेला, आणि लेखकाची चूक आपण परस्पर निस्तरली, या समाधानात मी डबा उघडला.

दोन दिवसांनी गुरुजी स्वतः जिन्याखाली आले. रागावलेले नव्हते. छापलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि त्या ओळीवर बोट टेकून विचारले,

"हे शब्द कुणाचे?"

"गुरुजी, ते तर सगळ्यांनाच माहीत आहेत," मी म्हणालो.

"सगळ्यांना माहीत आहेत, हे मलाही माहीत आहे. मी विचारतो ते वेगळे. हे कुणी, कुणाला लिहिले?"

मला उत्तर देता येईना. त्यांनी शुद्धिपत्राचा मजकूर खिशातून काढून दिला आणि जाताना म्हणाले, "नगर वाचन मंदिर इथून किती पावलांवर आहे? एकदा जाऊन ग्रांट डफ वाच. मग सांग मला, बांगड्या कुठे दिसतात का ते."

मी गेलो. १८४८ साली स्थापन झालेले ते ग्रंथालय आमच्या बुधवार चौकातच होते. पण तोवर मी तिथे गेलो होतो ते वर्तमानपत्रापुरता.

जेम्स ग्रांट डफ हा साताऱ्यास छत्रपतींच्या दरबारी असलेला इंग्रज अधिकारी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत तीन भागांत छापला गेला. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ चा. त्या महिन्यात नानासाहेब पेशवे सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाले होते. डफ सांगतो की, पेशव्यांचे लष्कर नर्मदा ओलांडीत असताना सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्र पोहोचविणारा जासूद, त्यांच्या जवळून निघाला होता. पानिपताहून निघून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचे, अशी त्याची बोली होती. हे अंतर सरळ रेषेतही हजार किलोमीटरहून जास्त भरते, म्हणजे दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर. एवढ्या घाईने पत्र पाठवायचे ते कुशल विचारण्यासाठी नव्हे. बाजारात हुंड्या कुणाच्या नावावर फिरत आहेत आणि त्यांतल्या कुठल्या आता बुडणार, हे इतरांच्या आधी कळावे, यासाठी. पेशव्यांनी ते पत्र फोडले. आत काय होते ते डफ एकाच वाक्यात देतो. दोन मोत्ये विरघळली, सोन्याच्या सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदी व तांबे किती गेले त्याची बेरीज करता येत नाही.

इतकेच. बांगड्या कुठेच नव्हत्या.

पहिल्या वाचनात मला वाटले, साहेबाने गाळल्या असतील. परक्या माणसाला बांगडी फुटण्याचे मर्म काय कळणार? ही शंका मी गुरुजींना बोलून दाखविली. ते म्हणाले, "शक्य आहे. पण आता डफ बाजूला ठेव आणि पत्रच पुन्हा वाच. सावकार होऊन वाच." त्या दिवशी तुळशीबागेतल्या राममंदिराच्या पायरीवर बसून आम्ही ते वाक्य जसे उलगडले, तसेच येथे मांडतो.

पत्र सावकाराचे आहे. सावकाराच्या हिशेबात वस्तू मोलाच्या क्रमाने येतात. आधी मोती, मग सोने, मग चांदी, शेवटी तांबे. त्या काळी मोहर सोन्याची, रुपया चांदीचा आणि पैसा तांब्याचा. तांब्याच्या मोडीला खुर्दा म्हणत. म्हणून "चांदी व तांबे" म्हणजे सावकाराच्या तोंडी "रुपये व खुर्दा". या पायऱ्या माणसांच्याही आहेत. वर घराण्याची माणसे, मग सरदार, मग शिलेदार-बारगीर, आणि तळाला बाजारबुणगे, यात्रेकरू, नोकरचाकर. वरचे मोजता आले म्हणून आकडे आहेत, दोन नि सत्तावीस. खालचे मोजता आले नाहीत म्हणून आकडा नाही. सारे वाक्य एका जिन्याने खाली उतरते आणि जिथे मोजणे संपते तिथे थांबते.

या जिन्यात लाख बांगडी कुठे बसवायची? बांगडी हे चलन नव्हे. मोती, मोहर, रुपया, पैसा हे सारे सराफाच्या पेटीत सापडते. काचेच्या बांगड्या तिथे सापडत नाहीत. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण याहून मोठी. पत्र सांकेतिक आहे ते कशासाठी? वाटेत कुणाच्या हाती पडले तर त्याला हरवलेल्या मालाची यादी दिसावी, एवढ्यासाठी. मोत्ये नि मोहरा ही भाषा गुपित राखते. "बांगडी फुटली" हे शब्द गुपित राखीत नाहीत. मराठी घरातले पोरही सांगेल, नवरा गेला. एकीकडे कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच कडीला टांगून ठेवायची, असे कोणता सावकार करील?

आणि तिसरी. पत्राचा शेवट "गणती नाही" असा आहे. ज्याला गणती करता आली नाही, त्याने दोन शब्द आधी "लाख" हा आकडा कुठून आणला? लाख हा शब्द आपण मोघम वापरतो, हे खरे. पण मोत्ये दोन आणि मोहरा नेमक्या सत्तावीस लिहिणारा माणूस त्याच ओळीत मोघम लाख लिहील, हे संभवत नाही.

तेव्हा बांगड्या त्या पत्रातल्या नव्हेत, असे मी कबूल केले. मग गुरुजींनी माझ्या दुसऱ्या भरतीकडे बोट दाखविले. मी "चिल्लर खुर्दा" लिहिले होते. खुर्दा म्हणजेच चिल्लर. एकाच वस्तूची दोन नावे शेजारी कशी आली? खुर्दा हा शब्द व्यवहारातून मागे पडला तेव्हा सांगणाऱ्याने समजावून देण्यासाठी "खुर्दा, म्हणजे चिल्लर" असे म्हटले असावे. ऐकणाऱ्याने अर्थही वाक्याचाच भाग म्हणून पाठ केला. जुन्या पोथ्या नकलून घेताना समासातली टीप मजकुरात शिरते, तसेच हे. एखाद्या पाठ वाक्यात एकाच अर्थाचे दोन शब्द लगत दिसले, एक जुना नि एक चालू, तर त्यांतला चालू शब्द पाहुणा आहे की काय, हे तपासून घ्यावे.

हा पाहुणा मात्र निरुपद्रवी नव्हता. बांगडी आणि चिल्लर या दोघांना जागा देताना माझ्या स्मरणातून एक शब्द मुकाट्याने निघून गेला होता. "रुपये." माझ्या वाक्यात मोहरांनंतर एकदम खुर्दा आला. चांदी गेलीच. आणि चांदी कोण? घरचे घोडे नि हत्यार घेऊन गेलेला शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर, गावोगावची ती हजारो तरुण माणसे, ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. सावकाराने त्यांना मोजता येत नाही म्हणून का होईना, एक शब्द दिला होता. मी सजावट घातली आणि त्यांना वाक्यातून हाकलले. गुरुजी हे बोलले तेव्हा मला खरोखर ओशाळल्यासारखे झाले.

आता वाचक विचारतील, मग मूळ मराठी वाक्य होते तरी कोणते? याचे उत्तर देताना पुन्हा तोच मोह आवरावा लागतो. डफच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर १८२९ च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन यांच्या हातून झाले आणि "मराठ्यांची बखर" या नावाने ते कित्येक वर्षे वाचले गेले. म्हणजे या गोष्टीचा प्रवास असा की, सावकाराच्या भाषेतून साहेबाच्या इंग्रजीत आणि तिथून फिरून मराठीत. सावकार उत्तरेतला. त्याने मराठीत लिहिले की आणखी कोणत्या भाषेत, हे डफच्या इंग्रजीवरून ठरविता येत नाही. म्हणून आज "गळाली", "गमावल्या", "हरपल्या", "हरवल्या" असे जे पाठ ऐकू येतात, त्यांतला अमुक एकच खरा आणि बाकीचे अशुद्ध, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या वाक्याचा सांगाडा आपल्या हाती आहे. त्याचे शब्द नेमके तेच होते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

या शब्दांपैकी एक मात्र मला आजही सोडीत नाही. तो म्हणजे "गळाली". डफच्या इंग्रजीत मोत्ये विरघळली आहेत, जणू आम्लात टाकून नाहीशी झाली. मराठीत "गळणे" या एका क्रियापदाचे दोन अर्थ होतात. सराफ मोडीचे सोने गाळतो, तेव्हा दागिना वितळून जातो आणि तोच दागिना पुन्हा मिळत नाही. पण नथीतला मोती गळाला, असे बाई म्हणते, तेव्हा तो नुसता निसटून पडलेला असतो. ती कंदील घेऊन अंगणात शोधते, केरसुणीचा केर चाळते, आणि कधी कधी तो सापडतोही. विरघळलेला मोती शोधायला कुणी कंदील घेत नाही.

ही शब्दांची कसरत वाटेल. म्हणून दोन मोत्यांचे पुढे काय झाले ते सांगतो.

पहिले मोती विश्वासराव, नानासाहेबांचा थोरला मुलगा. त्याच्याविषयी संशय राहिला नाही. तो रणात पडला आणि त्याचे शव पुष्कळांनी पाहिले. दुसरे मोती सदाशिवरावभाऊ. त्यांच्याबाबत गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे १७८० च्या सुमारास फारसीत पानिपतची हकीकत लिहिली. तीत शिर नसलेले एक धड भाऊंचे म्हणून ओळखले गेल्याचे आणि त्यावर अंत्यसंस्कार झाल्याचे आहे. पण शिर नसलेल्या धडाची ओळख ती ओळखच. पुण्यात ती सगळ्यांनी मानली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती गेले हे कधीच मान्य केले नाही. त्या सौभाग्यचिन्हे बाळगून राहिल्या आणि १७८३ साली सवाष्ण म्हणूनच गेल्या. बावीस वर्षे त्यांच्या लेखी मोती गळाले होते, विरघळले नव्हते.

या न संपलेल्या वाक्याचा फायदा घेणाराही निघाला. भाऊंसारखा दिसणारा एक माणूस "मीच तो" म्हणून पुढे आला. यालाच आपण तोतया म्हणतो. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला कैदेत टाकले होते. पण १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला आणि कोकणात पाहता पाहता त्याच्याभोवती माणसे नि किल्ले जमा झाले. भाऊसाहेब परत आले, हे लोकांना खरे वाटायला हवे होते, म्हणून ते खरे वाटले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाईंनी वाक्य एका रीतीने पुरे केले, कोकणातल्या भाबड्या माणसांनी दुसऱ्या रीतीने. एकीने त्यापायी आपले आयुष्य वाट पाहण्यात घालविले. दुसऱ्यांनी तोतयासाठी शस्त्र उचलले. आज आपण शाळेत "दोन मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव" असे एका दमात सांगतो आणि ते चूक नाही. पण ती उकल आपल्याला जितकी सोपी वाटते तितकी त्या वेळच्या माणसांना नव्हती, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

सत्तावीस मोहरांचेही असेच. पानिपतावर पडलेल्या सरदारांची नावे जुळवून सत्तावीसची यादी पुरी करण्याचा छंद मी स्वतः काही वर्षे केला. यादी भरतेही, पण तिथेच फसगत आहे. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी हे दोघे लढाईत जिवंत सापडले आणि नंतर मारले गेले. समशेर बहादूर जखमी होऊन निसटला आणि पुढे जाटांच्या मुलखात जखमांनी गेला. अंताजी माणकेश्वर पळतीच्या वाटेवर मारला गेला. ज्या सावकाराचा कासीद लढाईनंतर लगेच दौडत सुटला, त्याला यांतले किती कळले होते? त्याचे सत्तावीस हे त्याच्या कानी त्या क्षणी आलेले सत्तावीस. आपली यादी आपण पुढच्या साऱ्या माहितीने भरतो आणि मग बेरीज जुळली म्हणून आनंदतो. उत्तर आधी ठाऊक असलेले गणित जुळवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

स्वतः पेशव्यांना या वाक्याचा अर्थ कळला नाही असे नाही. त्यांना तो लागलीच कळला. पण डफ पुढे लिहितो त्याप्रमाणे वार्ता पक्की झाली ती पानिपताहून जीव वाचवून आलेला एक तरुण छावणीत पोहोचला तेव्हा. तो तरुण बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढचे नाना फडणीस. त्या वेळी त्यांना एकोणिसावे वर्ष पुरे व्हायचे होते. बरोबर नेलेली आई त्या धावपळीत कायमची हरवली होती. पुढे नानांनी आपल्या आयुष्याची छोटीशी हकीकत लिहून ठेवली. तीत पानिपतची ही पळापळ आहे. सावकाराच्या पत्राने जे कोड्यात सांगितले, त्याची साक्ष देणारा जिवंत माणूस हा. त्यांनी बांधलेला बेलबाग आमच्या बुधवार पेठेत आजही उभा आहे. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची खरेदी करणाऱ्या हजारो माणसांच्या पिशव्या त्याच्या भिंतीला घासून जातात. मी त्या बाजूने जाताना हटकून मनात येते की, इतक्या तरुण वयात या माणसाने मोहरा नि रुपये डोळ्यांदेखत गळताना पाहिले. माझ्या एकोणिसाव्या वर्षी मी त्यांतले रुपये खोडून बांगड्या घातल्या.

मग या बांगड्या आल्या तरी कुठून? त्या खोट्या आहेत काय?

माझ्या आजीचे त्या शब्दांशी वेगळेच नाते होते. लहानपणी तिने "लाख बांगडी" याचा अर्थ लाखेची बांगडी असा घेतला होता. काचेची फुटते, त्यात नवल नाही. पण लाखेचीही फुटली, म्हणजे घाव किती मोठा, असे ती मला समजावून सांगे. तुळशीबागेतल्या कासाराकडे हातात लाखेचा चुडा चढविताना ती तो हलकेच दाबून बघायची. "पानिपतात हीसुद्धा टिकली नाही हो," असे म्हणायची. तिचा अर्थ चुकीचा होता, पण त्या दोन शब्दांशी तिने जोडलेले दुःख चुकीचे नव्हते. गावोगावी बायकांच्या बांगड्या फुटल्या, हे तर घडलेच. ते लक्षात ठेवले बायकांनी, जात्यावर नि पाणवठ्यावर. सावकाराच्या जमाखर्चात त्यांना खाते नव्हते. म्हणून आठवणीने त्यांच्यासाठी ओळीत जागा केली असावी, असे मला वाटते. ही भर घालणाऱ्याला फसवायचे नव्हते. त्याला वाक्य अपुरे वाटले, आणि एका अर्थी ते अपुरे होतेही.

फक्त ते सावकाराच्या तोंडी घालू नये. सावकाराचे वाक्य सावकाराचे राहू द्यावे आणि बांगड्यांचे वाक्य बायकांचे. दोन्ही एकाच अवतरणचिन्हात कोंबली, की दोघांचेही नुकसान होते. पत्र बनावट दिसू लागते आणि बायकांची आठवण उसनी ठरते. कुणी चिकित्सक पुढे आला आणि त्याने बांगड्या पत्रात नाहीत, असे सिद्ध केले, तर लोक सारे पत्रच खोटे म्हणून टाकून देतील. भरतीच्या एका तुकड्यापायी अस्सल वस्तूवरचा विश्वास उडतो, हे मी नंतर अनेक ठिकाणी पाहिले.

गुरुजींच्या लेखातली टिंबे का होती, तेही त्यांनी त्या पायरीवरच सांगितले. त्यांनी ते वाक्य लहानपणी आपल्या वडिलांकडून ऐकले होते. मोहरांपर्यंतचे शब्द त्यांना वडिलांच्या आवाजात आठवत होते. पुढचे शब्द आठवत होते, पण कुणाच्याच आवाजात नव्हे. ते शाळेतले, की व्याख्यानातले, की नाटकातले, हे त्यांना सांगता येईना. म्हणून जिथे आवाज थांबला तिथे त्यांनी लेखणी थांबवली. मी मात्र ती विस्मृती समजलो. खरे तर त्या टिंबांच्या जागी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त आठवून पाहिले होते.

यंदा नातीच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी वक्तृत्वस्पर्धा होती. विषय पानिपत. तिने भाषण लिहून माझ्यापुढे धरले आणि मी चष्मा लावला. पहिल्याच परिच्छेदात दोन मोत्ये, लाख बांगडी, सत्तावीस मोहरा, चिल्लर खुर्दा, सगळा बाजार थाटात मांडलेला.

"हे कुठून घेतलेस?" मी विचारले.

"आजोबा, हे सगळ्यांनाच माहीत असतं."

मी हसलो. मग तिला जिन्याखालचे खोपटे, ओले प्रूफ नि गुरुजी यांची गोष्ट सांगितली. ती थोडी हिरमुसली, कारण टाळ्या नेमक्या बांगड्यांच्या वाक्याला मिळतात, असे तिच्या बाईंनी सांगितले होते. बांगड्या काढून टाक, असे मी म्हटलेच नाही. आम्ही दोघांनी मिळून परिच्छेद दुरुस्त केला. आधी सावकाराचे पत्र, मोत्ये, मोहरा, रुपये, खुर्दा, एवढेच. मग तिने स्वतःचे असे एक वाक्य घातले की, या पत्रात त्या बायकांचा हिशेब नव्हता, तो लोकांनी "लाख बांगडी फुटली" या शब्दांत वेगळा सांभाळला. रुपये म्हणजे कोण, हेही तिने एका ओळीत सांगितले.

स्पर्धेत तिला दुसरे बक्षीस मिळाले. पहिले आलेल्या मुलाने बांगड्या पत्रातच फोडल्या होत्या, असे घरी येताच तिने मला थोड्या रागाने सांगितले. मी तिला फराळाचे ताट पुढे केले आणि म्हटले, "बाजारात तुरी…"

"पुढचं मला येतं, आजोबा," ती म्हणाली, आणि मग थांबून, "पण हे तरी नक्की तसंच आहे ना?"